बारा मीटरच्या एलईडी वॉलवर सादरीकरण: आदल्या दिवशीची तपासणी

दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत मी तयार केलेले सादरीकरण मंचामागच्या एलईडी वॉलवर सुरू झाले, तेव्हा पहिल्याच स्लाइडवरचे गोल बोधचिन्ह आडवे पसरून अंड्यासारखे झालेले दिसले. पुढच्या स्लाइडवर कार्यकर्त्यांची छायाचित्रे होती आणि प्रत्येकाचा चेहरा दुपटीहून अधिक रुंद झाला होता. सादरीकरण नेहमीच्या १६:९ प्रमाणात होते, भिंत ४:१ प्रमाणात होती आणि मधल्या यंत्रणेने आलेले चित्र भिंतीच्या कडेपासून कडेपर्यंत ताणून बसवले होते. अशा वेळी रुंदी उंचीच्या तुलनेत बरोबर सव्वादोन पट ताणली जाते, हे गणित मी नंतर केले. त्या दिवशी मात्र सभागृहात बसलेल्या माणसांना स्वतःचे चेहरे तसे पाहावे लागले आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

यंदा पुन्हा तसेच सभागृह होते आणि पुन्हा बारा मीटर रुंद व तीन मीटर उंच वॉल होती. या वेळी तपासणी आधी करायची आणि ती अंदाजाने करायची नाही, असे मी ठरवले. त्या तपासणीत काय काय केले, काय सापडले आणि कोणती गोष्ट अखेरपर्यंत सुटली, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात दूरध्वनीवरून झाली. आयोजकांनी मला पाठवलेल्या माहितीत फक्त ‘१२ बाय ३’ एवढेच होते. मीटरमधले हे माप मंडप उभारणाऱ्याला पुरेसे असते, पण स्लाइड तयार करणाऱ्याला त्याचा उपयोग मर्यादित असतो, कारण आपले चित्र मीटरमध्ये नव्हे तर पिक्सेलमध्ये बसायचे असते. म्हणून मी वॉल लावणाऱ्या ऑपरेटरचा क्रमांक मागून घेतला आणि त्यांना तीन गोष्टी विचारल्या. वॉल एकूण किती पिक्सेलची आहे, लॅपटॉपचे चित्र घेऊन ते वॉलवर मांडणारा प्रोसेसर माझ्याकडून कोणत्या रिझोल्यूशनचा सिग्नल घेणार आहे, आणि तो सिग्नल भिंतीवर ताणून, कापून की जसाच्या तसा बसवणार आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळाले. वॉल ज्या चौकोनी तुकड्यांची जोडलेली असते ते प्रत्येक कॅबिनेट अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचे होते, पिच म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलांमधले अंतर ३.९ मिलिमीटरचे होते आणि एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल होते. आडवे चोवीस आणि उभे सहा, म्हणजे एकूण १४४ कॅबिनेट. त्यावरून वॉलचे माप ३०७२ बाय ७६८ पिक्सेल असे निघाले.

उरलेल्या दोन प्रश्नांवर ऑपरेटर म्हणाले, “मॅडम, तुम्ही फुल एचडी द्या, बाकी आम्ही सांभाळून घेतो.” मागच्या वेळी मला हेच सांगण्यात आले होते. मी त्यांना विनंती केली की सभेच्या आदल्या संध्याकाळी, वॉल उभी राहिल्यावर, मला तिच्यासमोर दीड तास द्यावा. त्यांनी ती मान्य केली आणि शेवटी सर्व काही त्या दीड तासावर ठरले.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. आमच्या वॉलवर आडवा आणि उभा पिच सारखा होता, म्हणून मीटरमधले प्रमाण आणि पिक्सेलमधले प्रमाण दोन्ही ४:१ च आले. प्रत्येक ठिकाणी असे होत नाही. काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या एलईडी पडद्यांमध्ये दोन्ही दिशांचे पिच अनेकदा वेगळे असतात, आणि तेथे मीटरच्या प्रमाणात केलेली स्लाइड एका बाजूने चेपलेली दिसते. म्हणून पिक्सेलचा आकडा मागितल्याशिवाय फाइल उघडू नये, असे माझे मत झाले आहे.

आता स्लाइडच्या मापाकडे येते. पॉवरपॉइंट एका इंचाला ९६ पिक्सेल धरते. ३०७२ ला ९६ ने भागले की ३२ येतात आणि ७६८ ला भागले की ८. म्हणून मी Design टॅबमधल्या Slide Size खाली Custom Slide Size उघडून रुंदी ३२ इंच आणि उंची ८ इंच भरली. पॉवरपॉइंटमध्ये ५६ इंचांपर्यंतची स्लाइड चालते, त्यामुळे अडचण आली नाही. या मापाचा एक मोठा फायदा असा की स्लाइडवरची प्रत्येक वस्तू भिंतीवर किती पिक्सेलची होईल, हे लगेच सांगता येते. पाऊण पॉइंट जाडीची रेघ म्हणजे एक पिक्सेल, आणि भिंतीवर जवळजवळ चार मिलिमीटर. स्लाइड PNG म्हणून जतन केली की ती आपोआप ३०७२ बाय ७६८ चीच निघते.

जुनी १६:९ ची फाइल नव्या मापात बदलून घेण्याचा प्रयत्न मी प्रथम केला आणि तो सोडून दिला. Ensure Fit निवडूनही स्लाइड मास्टरवरचे बोधचिन्ह चेपले गेले आणि मजकुराच्या चौकटी इतक्या रुंद झाल्या की पाच ओळींचा परिच्छेद एका लांबलचक ओळीत पसरला. मग मी कोरी फाइल घेऊन मास्टर नव्याने केला आणि मजकूर एकेक करून त्यात आणला. वेळ गेला, पण ताणलेल्या चौकटी एकेक करून दुरुस्त करण्यापेक्षा तो कमीच होता.

सभागृहात जाण्याआधी घरी एक साधी चाचणी करता येते आणि ती मला फार उपयोगी पडली. बारा मीटरची भिंत तीस मीटरवरून जेवढी मोठी दिसते, तेवढेच मोठे तीस सेंटिमीटर रुंदीचे चित्र पाऊण मीटरवरून दिसते, कारण दोन्हीकडे रुंदी आणि अंतर यांचे गुणोत्तर सारखे आहे. शेवटची रांग मंचापासून साधारण तीस मीटरवर असल्याचे आयोजकांकडून कळले होते. लॅपटॉपवर स्लाइड तीस सेंटिमीटर रुंद दिसेल अशी लावली, फीत धरून पाऊण मीटर मोजले आणि खुर्ची तेथे ठेवून बसले. स्लाइडची उंची तेव्हा फक्त साडेसात सेंटिमीटर होती. नेहमीच्या सवयीने अठरा पॉइंटमध्ये लिहिलेल्या तळटिपा मला वाचताच येईनात. इतक्या अवाढव्य पडद्यावर बारीक अक्षरही मोठेच दिसेल, हा माझा समज त्या खुर्चीवर बसल्यावर संपला. भिंत बारा मीटर रुंद असली तरी उंचीला ती तीनच मीटर असते, आणि अक्षराला जागा उंचीतून मिळते.

तशीच पहिल्या रांगेचीही चाचणी केली. पहिली रांग सहा मीटरवर होती, म्हणजे माझ्या तीस सेंटिमीटरच्या चित्रापासून पंधरा सेंटिमीटरवर. इतक्या जवळून पाहिल्यावर भिंतीची दोन टोके एका नजरेत मावत नाहीत, कारण सहा मीटरवरून बारा मीटरची भिंत डोळ्यांसमोर नव्वद अंशांचा कोन व्यापते. माझ्या एका स्लाइडवर रंगीत स्तंभांचा आलेख अख्ख्या रुंदीभर पसरला होता, रंगांचा खुलासा उजव्या टोकाला होता आणि आकड्यांचा उभा अक्ष डाव्या टोकाला. पुढे बसलेल्या माणसाला प्रत्येक स्तंभासाठी मान दोन्हीकडे फिरवावी लागली असती. मी भिंतीचे १०२४ पिक्सेलचे तीन भाग कल्पिले. प्रत्येक भाग चार मीटर रुंद, आणि त्याच्या सीमा कॅबिनेटच्या जोडांवर येणाऱ्या. मग नियम केला की एकत्र वाचायच्या गोष्टी एकाच भागात राहतील. आलेख मधल्या भागात आला, प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर त्याचा आकडा आला आणि रंगांचा खुलासा काढूनच टाकला. डाव्या भागात विषयाचे शीर्षक आणि उजव्या भागात एखादे छायाचित्र, बस.

सभागृहात न्यायची तपासणीची सामग्री मी दोन प्रकारची केली, आणि हा फरक पुढे कामाला आला. एक होती पॉवरपॉइंटमधली स्लाइड. तिच्यावर चोवीस बाय सहा अशा चौकटींची जाळी होती, प्रत्येक चौकटीत तिचा क्रमांक होता, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत वर्तुळे होती, आणि अगदी कडेने एक पातळ लाल रेघ होती. दुसरी होती पॉवरपॉइंटशी संबंध नसलेली, नेमकी ३०७२ बाय ७६८ ची PNG प्रतिमा. तिच्यात एक पिक्सेल काळा आणि एक पिक्सेल पांढरा अशी बारीक बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी भरलेली होती. स्लाइडवरून आकार आणि कडा कळतात. सिग्नल वाटेत कोठे लहानमोठा केला जात आहे का, हे मात्र त्या बारीक जाळीवरूनच कळते.

आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास पोहोचले तेव्हा वॉल उभी होती आणि तिच्यावर ऑपरेटरांचे रंगीत टेस्ट पॅटर्न चालू होते. लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडला, Windows आणि P या कळा दाबून Extend निवडले आणि जाळीची स्लाइड लावली. वर्तुळे गोल होती. लाल रेघ चारही कडांना दिसत होती. चौकटींचे क्रमांक कॅबिनेटवर तंतोतंत बसले होते. ऑपरेटर समाधानाने माझ्याकडे पाहत होते, आणि मागच्या अनुभवानंतर एवढ्यावर थांबण्याचा मोह मलाही झाला.

त्यानंतर PNG प्रतिमा पूर्ण पडद्यावर लावली. बारीक काळी-पांढरी जाळी दिसायला हवी होती. भिंतीवर आला तो एक मळकट करडा रंग, आणि त्यात लाटांसारखे फिकट-गडद पट्टे. मी भिंतीपासून दोन हातांवर जाऊन उभी राहिले. एकही पिक्सेल शुद्ध काळा किंवा शुद्ध पांढरा नव्हता. मग स्लाइडवरची लाल रेघ जवळून पाहिली. ती एका पिक्सेलची नव्हती. दोन पिक्सेल रुंदीचा मंद तपकिरी पट्टा होता तो.

कारण समजायला वेळ लागला नाही. लॅपटॉप १९२० बाय १०८० चाच सिग्नल देत होता. चित्राचे प्रमाण ४:१ असल्याने ते त्या सिग्नलमध्ये १९२० बाय ४८० एवढ्या पट्टीत बसत होते, वरखाली तीनशे-तीनशे पिक्सेल काळे राहत होते. प्रोसेसर ती मधली पट्टी कापून १.६ पटीने मोठी करून भिंतीवर पसरवत होता. प्रमाण बरोबर असल्याने वर्तुळे गोलच दिसत होती, पण भिंतीच्या तेवीस लाखांहून अधिक पिक्सेलांपैकी चित्रात खरी माहिती जेमतेम सव्वानऊ लाखांचीच होती, बाकीचे प्रोसेसरने मधली सरासरी काढून भरले होते. छायाचित्राला याने फारसा फरक पडत नाही. बारीक अक्षरांना पडतो, आणि देवनागरी अक्षरांना तर अधिकच पडतो, कारण शिरोरेषा आणि तिच्यावरचा अनुस्वार यांच्यामध्ये अंतरच एकदोन पिक्सेलांचे असते.

मी घरून निघताना एक उपाय मनाशी ठरवून ठेवला होता, तो आधी करून पाहिला. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ३०७२ बाय ७६८ असे रिझोल्यूशन स्वतः तयार केले आणि लावले. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला. विंडोजमध्ये Advanced display उघडल्यावर Desktop mode समोर नवा आकडा दिसला, पण चित्र तसेच मळकट होते. त्याच पानावर खाली Active signal mode अशी दुसरी ओळ असते, आणि तिच्यात अजूनही 1920 × 1080 लिहिलेले होते. म्हणजे विंडोज आपला डेस्कटॉप नव्या मापाचा मानत होते, पण केबलमधून बाहेर पडताना ग्राफिक्स कार्ड तो पुन्हा फुल एचडीमध्ये दाबत होते. या दोन ओळी वेगवेगळ्या असतील तर आपला लॅपटॉप स्वतःच चित्र लहान करतो आहे, हे ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

“दादा, तुमचा प्रोसेसर माझ्या लॅपटॉपला सांगतो आहे की तो फक्त १९२० चालवतो,” मी म्हणाले. “त्याचे सांगणे बदलता येईल का?”

प्रत्येक पडदा किंवा प्रोसेसर जोडल्याबरोबर लॅपटॉपला आपली ओळख सांगतो. मी कोण, मला कोणकोणती रिझोल्यूशन चालतात, त्यांतले पसंतीचे कोणते. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. लॅपटॉप त्या यादीबाहेर सहसा जात नाही. ऑपरेटरांनी प्रोसेसरच्या इनपुट सेटिंगमध्ये जाऊन ३०७२ बाय ७६८, ६० हर्ट्‌झ, असे नवे ईडीआयडी लिहिले, केबल काढून पुन्हा लावली आणि इनपुट कापण्याऐवजी एकास एक असे मॅपिंग केले. या वेळी विंडोजमध्ये दोन्ही ओळींत एकच आकडा आला. PNG लावली. दोन हातांवरून काळा-पांढरा पट स्वच्छ दिसला, आणि मागे सरकत गेल्यावर तो एकसारख्या करड्या रंगात विरघळला, कोठेही लाट नाही. लाल रेघ एका पिक्सेलची, लखलखीत लाल.

ऑपरेटर स्वतः खाली उतरून ती रेघ पाहून आले. मग त्यांनी सुचवले ते फार शहाणपणाचे होते. ऐनवेळी लॅपटॉप बदलावा लागला आणि दुसऱ्या यंत्राने हे विचित्र माप द्यायचे नाकारले, तर हाताशी जुनी वाट असावी. म्हणून त्यांनी मधली पट्टी कापणारी आधीची मांडणी प्रोसेसरमध्ये दुसरा प्रीसेट म्हणून जपून ठेवली.

सिग्नल दुरुस्त झाल्यावर खरी स्लाइड वाचून पाहायची होती. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि सहकाऱ्याला स्लाइड पुढे न्यायला सांगितले. एका स्लाइडवर तक्रारींच्या निवारणाची आकडेवारी होती, शीर्षक होते ‘ग्राहकांच्या तक्रारी’. शीर्षक स्पष्ट होते. खाली अठ्ठावीस पॉइंटमध्ये तोच शब्द पुन्हा आला होता आणि मला तो ‘ग्राहकाच्या’ असा दिसत होता. मजकूर चुकला की काय असे वाटून मी पुढे चालत गेले. साधारण वीस मीटरवर आल्यावर ‘का’च्या डोक्यावरचा ठिपका उमटला. अठ्ठावीस पॉइंट म्हणजे या भिंतीवर सुमारे सदतीस पिक्सेल, पण त्यात वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक येते. अनुस्वाराचा ठिपका माझ्या बारीक वळणाच्या टंकात जेमतेम दोन पिक्सेलांचा होता. भिंतीवर आठ मिलिमीटर. तीस मीटरवरून आठ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, आणि निरोगी डोळ्याची बारीक तपशील वेगळा ओळखण्याची मर्यादाही साधारण तेवढीच असते. मराठीत या एका ठिपक्याने एकवचनाचे अनेकवचन होते. तो दिसला नाही तर वाक्य वाचता येते, पण अर्थ बदलतो, आणि मला हे अगदी नकोसे वाटले.

तेथेच बसून मी तो शब्द वेगवेगळ्या आकारांत आणि दोन टंकांत लावून पाहिला. बारीक वळणाच्या टंकात अठ्ठेचाळीस पॉइंटपर्यंत जावे लागले. जाड, ठसठशीत ठिपक्याच्या टंकात चाळीस पॉइंटला शेवटच्या रांगेतून अनुस्वार आणि रफार दोन्ही निश्चित दिसू लागले. संपूर्ण सादरीकरणात चाळीसहून लहान अक्षर ठेवायचे नाही, हा निर्णय त्या रांगेत झाला. त्यासाठी सहा स्लाइडवरचा मजकूर रात्री कापावा लागला आणि दोन स्लाइडच्या तीन झाल्या. नवा टंक सभागृहातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर नसणार म्हणून फाइलच्या Save पर्यायांतून तो फाइलमध्येच अंतर्भूत केला.

मागच्या रांगेत बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी घरच्या चाचणीत दिसणे शक्य नव्हते. सभागृहाची जमीन सपाट होती. पुढच्या खुर्चीवर सहकाऱ्याला बसवले तेव्हा त्याच्या डोक्याने वॉलच्या खालच्या कॅबिनेटची ओळ माझ्यापासून झाकली गेली. म्हणजे तळाचे १२८ पिक्सेल मागच्या माणसांच्या दृष्टीने नसल्यासारखेच. तळटिपा आणि स्रोत मी नेमके तेथे ठेवले होते. ती पट्टी रिकामी केली, फक्त पार्श्वभूमीचा रंग ठेवला.

रंगांच्या बाबतीत दोन चुका आढळल्या. माझ्या काही स्लाइडची पार्श्वभूमी पांढरी होती. लॅपटॉपवर पांढरा म्हणजे सौम्य कागदी उजेड असतो. एलईडी वॉल पूर्ण पांढरी झाली तेव्हा अख्खे सभागृह उजळले, आणि मंचावर उभ्या सहकाऱ्याचा चेहरा मागच्या प्रकाशापुढे काळवंडला. वक्त्याचा चेहरा दिसावा एवढ्यासाठी तरी पांढरी पार्श्वभूमी येथे चालणार नव्हती. म्हणून गडद निळ्याकडे वळले, आणि तेथे दुसरी चूक निघाली. निळ्यातून काळ्याकडे हळूहळू जाणारी छटा लॅपटॉपवर सुरेख होती, पण भिंतीवर तिचे स्पष्ट पट्टे पडले, जणू निळ्या पायऱ्याच. सभागृहाच्या आत वॉल तिच्या पूर्ण तेजावर चालवत नाहीत, ऑपरेटरांनी ती तीस टक्क्यांच्या आसपास ठेवली होती, आणि तेज उतरवले की सर्वात गडद छटांमधले बारीक टप्पे दाखवण्याची एलईडीची क्षमता कमी होते. त्याच कारणाने माझ्या गडद करड्या चौकटी जवळजवळ तितक्याच गडद पार्श्वभूमीत बुडून गेल्या होत्या. छटा काढून एकसारखा मध्यम गडद निळा भरला आणि चौकटी चांगल्याच उजळ केल्या. तेजाचा आकडा ऑपरेटरांकडून वहीत लिहून घेतला, कारण सकाळी तो बदलला असता तर हे सारे पुन्हा पाहावे लागले असते.

चलचित्राबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. १६:९ ची फीत पूर्ण उंचीला लावली तर ती १३६५ पिक्सेल रुंद होते आणि दोन्ही बाजूंना सव्वातीन मीटरहून अधिक जागा उरते. त्या जागेत काहीतरी सजावट भरण्याचा मोह टाळून मी पार्श्वभूमीचा निळाच ठेवला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत येणारी स्लाइडची संक्रमणे मात्र सर्व काढली. बारा मीटरची प्रतिमा एका सेकंदात डोळ्यांपुढून सरकली की पुढच्या रांगेत बसलेल्याला गरगरते, मला स्वतःला गरगरले.

सभेच्या दिवशी सकाळी मी तासभर आधी पोहोचले आणि पुन्हा तीच PNG लावली. भिंत पुन्हा मळकट करडी. रात्रीतून माझा लॅपटॉप आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक स्विचर बसवण्यात आला होता, कारण दुसऱ्या एका वक्त्याचा लॅपटॉपही जोडायचा होता. स्विचर आपली स्वतःची ओळख सांगत होता, आणि ती अर्थातच १९२० बाय १०८० ची होती. ऑपरेटरांनी माझी केबल थेट प्रोसेसरच्या दुसऱ्या इनपुटमध्ये घातली, आदल्या संध्याकाळचे ईडीआयडी त्या इनपुटला दिले, आणि पाच मिनिटांत पट स्वच्छ झाला. केवळ स्लाइड पाहून मला हा बदल कळला नसता. वर्तुळे तेव्हाही गोलच होती.

जे सुटले तेही सांगते. सभेचे थेट प्रक्षेपण होते आणि प्रक्षेपण करणाऱ्यांनी माझ्या स्लाइड जशाच्या तशा घेतल्या. १६:९ च्या चित्रात ४:१ ची स्लाइड रुंदीला बसवली की ती चित्राची उंची अर्धीसुद्धा व्यापत नाही, आणि मोबाइलवर पाहणाऱ्यांना चाळीस पॉइंटचे अक्षर मुंगीएवढे दिसले. सभागृहाबाहेरून पाहणाऱ्यांचा विचार मी केलाच नव्हता. पुढच्या सभेसाठी मी आतापासूनच दोन फाइल बाळगते आहे. एक भिंतीची, आणि दुसरी प्रक्षेपणासाठी, जिच्यात तिन्ही भागांपैकी फक्त मधला भाग १६:९ मध्ये मोठा करून घेतला आहे.